हलकं मशीन दोनदा की जड मशीन एकदा?

मूळ पोस्ट (कांडपवाला): मसाला कांडपाच्या मशीनची दोन कोटेशन आलीत. हलकं २ लाखांचं, ३ वर्षं चालेल. जड ३ लाख ६० हजारांचं, ६ वर्षं. खर्च जाऊन दोन्हीतून वर्षाला १ लाख सुटतो. १०% दराने एनपीव्ही, म्हणजे पुढे सुटणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा मशीनची किंमत, काढला तर हलक्याचा ४८,६८५ आणि जडाचा ७५,५२६ येतो. जडच घ्यायचं, विषय संपला. लोक उगाच कीस काढतात.

कॉस्टिंगवाले काका: विषय संपला नाही, इथेच सगळे फसतात म्हणून सविस्तर लिहितोय. हलकं मशीन तीन वर्षांनी भंगारात गेलं की तुम्ही काय दुकान बंद करणार? कांडप चालूच राहणार, म्हणजे तेव्हा परत हलकंच घेणार. ती दुसरी फेरीही साखळीसारखी पुढे जोडून धरा ना. दुसऱ्या फेरीचे ४८,६८५ तीन वर्षांनंतरचे आहेत, त्यांची आजची किंमत ३६,५७८. दोन्ही मिळून ८५,२६३, म्हणजे हलकं पुढे. तुम्ही एकाची तीन वर्षं आणि दुसऱ्याची सहा वर्षं मोजून जडाला फुकटचे मार्क दिलेत.

परीक्षेची_धास्ती: काका, ३ आणि ६ आहे म्हणून सोपं. आम्हाला पेपरात ५ आणि ७ वर्षं आली होती, लसावि ३५! मी पस्तीस वर्षांची साखळी लिहीत बसले आणि शेवटचा प्रश्न राहिला, त्याचा राग अजून आहे. त्यापेक्षा एनपीव्ही १०% दरानेच दरवर्षीच्या समान हप्त्यांत वाटून वर्षाची सरासरी काढायची, हलक्याची १९,५७७ आणि जडाची १७,३४१, उत्तर तेच. साखळी शिकवतातच कशाला?

कॉस्टिंगवाले काका: उत्तर तेच येतं कारण गृहीतकही तेच आहे, की दुसरी फेरी हुबेहूब पहिल्यासारखीच असेल. साखळीत ते उघड दिसतं, तुमच्या शॉर्टकटमध्ये झाकलं जातं.

शेडमधला_माणूस: हुबेहूब? मी २०१९ मध्ये असंच स्वस्त मशीन घेतलं, तीन वर्षांनी गेलो तर ते मॉडेलच बंद, नवीन जवळपास दीडपट किमतीला, वर मोटर वेगळी म्हणून वायरिंग परत केलं. कागदावर साखळी छान दिसते हो, पैसे आमच्या खिशातनं जातात. आणि ३ वर्षं आयुष्य कोण ठरवतं? आमचे सीए १५% घसारा लावतात, म्हणजे सहा-सात वर्षं चालायलाच पाहिजे ना?

कॉस्टिंगवाले काका: तो १५% घसारा आयकरासाठी असतो, त्यावरून मशीनचं आयुष्य काढू नका, कृपा करून. बेअरिंग आणि डंक किती झिजतात ते बघा.

शेडमधला_माणूस: आवाज चढवू नका, मशीन आम्ही चालवतो. किमतीचं उत्तर द्या आधी.

कॉस्टिंगवाले काका: देतो. दोन्हीतून सहाही वर्षं लाखच सुटतो, तेव्हा तो दोन्हीकडून सोडून द्या, फक्त खर्च बघा. जडाला आज ३,६०,०००. हलक्याला आज २ लाख आणि तीन वर्षांनी २ लाख. नंतरच्या २ लाखांसाठी १०% ने आज १,५०,२६३ बाजूला ठेवावे लागतील. बेरीज ३,५०,२६३. वाचतात फक्त ९,७३७. तेव्हा तीन वर्षांनी मशीन २,१२,९६० च्या वर गेलं की जड जिंकलं, म्हणजे वर्षाला दोन टक्क्यांच्या थोडी वर भाववाढ पुरे. ५% धरली तर ते २,३१,५२५ ला पडतं आणि हलकं १३,९४८ ने महाग जातं. तुमचा मुद्दा बरोबर आहे, दीडपट भाव आला तर प्रश्नच नाही. पण तो साखळीच्या विरोधात जात नाही, दुसऱ्या कडीत आजची किंमत डोळे झाकून टाकली ही चूक आहे.

परीक्षेची_धास्ती: मग माझी सरासरी इथे चालणार नाही. ठीक आहे, मान्य. पस्तीस वर्षांचं मात्र मान्य नाही, पस्तीस वर्षं तेच मशीन कोण घेतं?

कॉस्टिंगवाले काका: कोणीच नाही. तिथे आपल्याला खरंच दिसतं तेवढाच काळ धरायचा आणि त्या दिवशी उरलेल्या मशीनचे किती येतील ते मिळवायचं.

कांडपवाला: म्हणजे शेवटी जडच ना? मग माझं काय चुकलं?

कॉस्टिंगवाले काका: उत्तर जुळलं, हिशोब चुकला. भाव स्थिर राहिला असता तर त्याच हिशोबाने तुमचे ९,७३७ जास्त गेले असते.

कांडपवाला: बरं. पण एक सांगायचं राहिलं, गाळ्याचा करार चारच वर्षांचा आहे, मालक पुढे देईल की नाही माहीत नाही.

शेडमधला_माणूस: हे आधी सांगायचं ना! मग सहा वर्षं कुठून आली? चार वर्षांनी जड मशीन विकायला काढलंत तर गिऱ्हाईक किती देईल ते आधी दोन जुन्या डीलरना विचारून या. आमच्याकडे जड मशीन हलवायलाच क्रेन लागली होती.

कॉस्टिंगवाले काका: आणि हलकं घेतलंत तर दुसरं मशीन एकच वर्ष वापरून विकाल, त्याचाही भाव विचारा. दोन्ही आकडे आणा, मग परत मांडू.