मदत हवी आहे : आजीच्या फोटोऐवजी नुसती ओळच पोहोचते

संत्रानगरी (धागाकर्ती)

नमस्कार. माझी आजी नागपूरला महालात राहते आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. तान्ह्या पोळ्याला तिने घरातला लाकडी नंदीबैल सजवला, त्याचा फोटो काढला आणि आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात लिहिले, "हा बघा आपला नंदी. झूल मी घरीच शिवली आहे." फोटो मात्र आला नाही. त्या दिवशी गट मारबतीच्या फोटोंनी भरून गेला असल्यामुळे आधी ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नाही, मामांनी "फोटो कुठे आहे?" असे विचारले, तेव्हा तिने तेच वाक्य पुन्हा पाठवले. आपण फोटो पाठवला आहे आणि बिघाड आमच्या फोनमध्ये आहे, असे तिचे ठाम मत आहे.

फोटो तिच्या गॅलरीत आहे, हे शेजारच्या काकूंनी पाहिले आहे. मी तिला फोनवरून "पिनेचे चिन्ह दाब" असे सांगते, पण तिला ते सापडत नाही. तिचा फोन अँड्रॉइडचा आहे, अक्षरे मोठी करून ठेवलेली आहेत आणि तिला मराठी उत्तम वाचता येते. दुरून हे कसे शिकवावे?

वर्धा रोड

आजींचे म्हणणे खरे असू शकते. तुमच्या फोनमध्ये फोटो आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद असेल, तर फोटो दिसत नाही. सेटिंगमध्ये साठवण आणि डेटा या भागात जाऊन ती सुरू करावी.

जुना टंकलेखक

वर्धा रोड यांनी सांगितलेली अडचण खरी आहे, पण तिची खूण वेगळी असते. फोटो पाठवलेला असून उतरवलेला नसेल, तर धूसर चौकट आणि तिच्यावर खाली जाणारा बाण दिसतो, आणि ओळ त्या चौकटीच्या खाली असते. येथे नुसती ओळ आली आहे आणि गटातल्या कुणालाच चौकट दिसलेली नाही, म्हणजे फोटो आजींच्या फोनमधून निघालाच नाही.

आमच्या वस्तीतल्या ज्येष्ठांना मी मोबाइल शिकवतो, आणि ही चूक मला तेथे नेहमी दिसते. इतरांचे संदेश पाहताना वर फोटो आणि खाली मजकूर असे दिसते, म्हणून मजकूर लिहिला की फोटो त्याच्यासोबत जाईल असा समज होतो. त्यातच गप्पांच्या पानावरचा लिहिण्याचा चौकोन आणि फोटो निवडल्यावर त्याच्याखाली येणारा चौकोन हे दोन्ही पडद्याच्या तळाशीच असतात, आणि दोन्हींच्या शेजारी तोच हिरवा बाण असतो. आजींनी योग्य वाक्य लिहिले, पण पहिल्या चौकोनात लिहिले.

म्हणून पिनेचे चिन्ह सध्या बाजूला ठेवावे आणि गॅलरीपासून सुरुवात करावी. नंदीचा फोटो उघडावा, तो पडदाभर दिसू द्यावा, मग खालचे शेअरचे चिन्ह दाबावे. बहुतेक फोनमध्ये ते तीन ठिपके रेषांनी जोडल्यासारखे असते. समोर आलेल्या यादीतून व्हॉट्सॲप निवडावे, नंतर कुटुंबाच्या गटावर बोट ठेवून बरोबरची खूण आणावी आणि हिरवा बाण दाबावा. येथे ज्येष्ठ मंडळी हमखास थांबतात, कारण बाण दाबला म्हणजे फोटो गेला असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात आता फोटो पुन्हा मोठा दिसतो आणि त्याच्याखाली लिहिण्याची जागा येते. "झूल मी घरीच शिवली आहे" हे वाक्य तेथे लिहायचे आणि हिरवा बाण दुसऱ्यांदा दाबायचा. मध्येच मागे गेल्यास काहीच जात नाही.

आजींना एकच नियम सांगावा : फोटो डोळ्यांसमोर दिसत असेल तरच खाली लिहायचे.

निवांत

माझ्या वडिलांच्या फोनमध्ये जागाच उरली नव्हती, सकाळच्या शुभेच्छांची चित्रे साठली होती. मी ती पुसून टाकली आणि फोन सुरळीत चालू लागला. आजींच्या फोनमधलीही नको असलेली चित्रे काढून पाहावीत.

संत्रानगरी

निवांत, जागा भरपूर आहे. फोटो तिच्या गॅलरीत साठवलाही गेला आहे.

टंकलेखक काका, दोनदा बाण दाबण्याची गोष्ट मलाही कधी जाणवली नव्हती, कारण माझे बोट सवयीने चालते. पण मी फोनवर सांगू लागले की आजी फोन कानाला लावते आणि पडदा दिसेनासा होतो. शिवाय पाठवून झालेल्या ओळीलाच आता फोटो जोडता येईल का?

जुना टंकलेखक

स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवायला सांगावे. काकू शेजारी असतील तर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरून आजींचा पडदा तुम्हाला दाखवता येतो, मात्र तेवढ्या वेळात येणारे बँकेचे संदेशही तुम्हाला दिसतील, म्हणून कॉलवर घरातल्यांशिवाय कुणी नसावे.

गेलेल्या ओळीला फोटो जोडता येत नाही. संदेश दुरुस्त करण्याची सोय पाठवल्यापासून 15 मिनिटेच असते, आणि तीही फक्त शब्दांसाठी. मात्र वाक्य पुन्हा टंकण्याचे श्रम वाचवता येतात. जुन्या संदेशावर बोट दाबून धरावे, कॉपी करावे आणि फोटोखालच्या चौकोनात बोट दाबून धरून पेस्ट करावे.

वर्धा रोड

गॅलरीतून पाठवताना एक धोका आहे. शेअर दाबल्यावर वरच्या बाजूला अलीकडे ज्यांच्याशी बोललो त्यांची नावे येतात, आणि चुकून त्यांच्यावर बोट पडले तर यादी न येता थेट त्या माणसाचेच पान उघडते. आमच्या आईने अशा रीतीने नातवाचा फोटो गॅस एजन्सीवाल्याला पाठवला होता. त्याने "छान" असे उत्तर दिले, ही गोष्ट वेगळी. म्हणून गट आधी उघडून पिनेचे चिन्ह शिकवणेच मला बरे वाटते. फोटो कुणाला जात आहे हे त्यात आधीच ठरलेले असते.

जुना टंकलेखक

हा मुद्दा मान्य आहे, पण पिनेच्या वाटेने लिहिण्याचा पहिला चौकोन पुन्हा समोर येतो आणि बोट तेथेच जाते. चुकीच्या माणसाकडे गेलेला फोटो लगेच सर्वांसाठी पुसता येतो. माझे मत गॅलरीच्याच बाजूने आहे.

संत्रानगरी

काल काकूंच्या मदतीने करून पाहिले. पहिल्यांदा आजीने एकदाच बाण दाबला आणि मागे गेली, त्यामुळे काही आले नाही. मग मी तिला "नंदी दिसतो का?" असे प्रत्येक पायरीला विचारत गेले. नंदी झुलीसकट गटात पोहोचला आणि त्याच्याखाली तिची ओळही होती.

आता नवी अडचण आली आहे. आज काकूंनी तिला पिनेचीही वाट दाखवली, तर तेथे फक्त दोन-तीन जुने फोटो दिसले. नंदी त्यांत नव्हता. गॅलरीत मात्र सगळे फोटो आहेत.

जुना टंकलेखक

फोनमध्ये अँड्रॉइड 14 किंवा त्यानंतरची आवृत्ती असेल, तर परवानगी विचारली जाताना कुणीतरी "निवडक फोटो" हा पर्याय दाबलेला असणार. मग व्हॉट्सॲपला त्या वेळी निवडलेलेच फोटो दिसतात, नंतर काढलेले दिसत नाहीत. फोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, त्यात व्हॉट्सॲप, त्यात परवानग्या आणि फोटो येथे सर्व फोटोंना परवानगी द्यावी. गॅलरीतून शेअर करताना ही मर्यादा आड येत नाही, म्हणून नंदी त्या वाटेने गेला.

संत्रानगरी

आवृत्ती कोणती आहे हे रविवारी मामा घरी जातील तेव्हा कळेल. मात्र सगळ्या फोटोंची परवानगी द्यावी की नाही, यावर घरात दोन मते आहेत. आजीला स्वतःला गॅलरीचीच वाट सोपी वाटते आहे.