प्लॉट घेतला, सांभाळला, विकला : खरा हिशोब सांगा (अनुभव धागा)

नगर रोड, सासवड, मुळशी, तळेगाव, पुण्याच्या कडेने गुंतवणूक म्हणून एनए प्लॉट घेतलेले इथे बरेच जण असतील. कितीला घेतला आणि कितीला गेला हे सगळे सांगतात, मधले आणि विकतानाचे खर्च कुणी बोलत नाही, तेच हवेत. आधी आमचा सांगते.

शिक्रापूरच्या पुढे 3000 स्क्वेअर फूट, 2014 च्या शेवटी, 18 लाख. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, वकील धरून 19.25. दुसऱ्या वर्षी तारेचं कंपाउंड केलं, 90 हजार. डेव्हलपरचा मेंटेनन्स महिन्याला दीड हजार, रस्ता-लाइट-वॉचमनच्या नावाखाली, तिथे कुणी राहत नसलं तरी चालूच, अकरा वर्षांत 2 लाख गेले. यंदा 40 लाखाला विकला. ब्रोकर 2 टक्के म्हणजे 80 हजार. मग डेव्हलपरने एनओसीसाठी ट्रान्सफर फी मागितली, फुटाला 50 रुपये, दीड लाख! करारात एका ओळीत होतं ते, रक्कम न लिहिता. सगळं जाऊन, टॅक्स भरून हातात साधारण साडेछत्तीस आले आणि घातले होते सव्वाबावीस. ऐकायला 18 चे 40, पण वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपासच पडतं.
– मृणाल

सुहास_हडपसर: टॅक्स कशाला भरलात? त्या पैशातून फ्लॅट घेतला की शून्य होतो. माझ्या मेव्हण्याने फक्त नफ्याएवढे पैसे घरात घातले, एक रुपया भरला नाही.

कुलकर्णी_सीए: सुहासराव, मेव्हण्यांनी घर विकलं असेल. घर विकून घर घेताना नफा गुंतवला की भागतं. प्लॉट विकला तर पूर्ण माफीसाठी खर्च वजा जाता आलेली सगळी विक्रीची रक्कम घरात जावी लागते, कमी घातली तर त्या प्रमाणातच सूट. शिवाय विक्रीच्या दिवशी तुमच्या नावावर एकापेक्षा जास्त घरं असली तर ही सूट नाही, आणि गुंतवणूक म्हणून प्लॉट घेणाऱ्यांकडे बहुतेकदा दोन फ्लॅट आधीच असतात.

मृणालताई, तुम्ही 23 जुलै 2024 च्या आधी घेतलाय म्हणून दोन्ही रीतीने काढून बघायला हवं होतं. इंडेक्सेशन न घेता 12.5 टक्के लावले तर साधारण 2.19 लाख, इंडेक्सेशन घेऊन 20 टक्के लावले तर 1.24 लाख, सेस वेगळा. कंपाउंडचं बिल आणि ट्रान्सफर फीची पावती धरूनच हा आकडा येतो, मेंटेनन्स मात्र यात धरता येत नाही.

मृणाल: हो, दुसऱ्याच रीतीने भरला. कंपाउंडवाल्याचं बिल फाइलला होतं म्हणून बरं.

गणेश पा.: आमच्याकडे पैशापेक्षा हद्दीने खाल्लं. सासवडजवळ प्लॉट, कंपाउंड केलं नव्हतं, वर्षातून एकदा गवत काढायला माणूस पाठवायचो तेवढंच. गिऱ्हाईक आलं, त्याच्या वकिलाने मोजणीची क प्रत मागितली, भूमी अभिलेखला अर्ज करून मोजणी आणली तर एका बाजूचे दगडच गायब आणि शेजाऱ्याची भिंत आमच्यात चार फूट आत. शेजारी म्हणतो त्याला ले-आउटवाल्याने तसंच दाखवलं होतं, आणि तो खोटं बोलत नसेलही. तेवढ्यात गिऱ्हाईक गेलं. शेवटी तेवढी जागा सोडून भाव कमी करून विकला. घेतल्या घेतल्याच मोजणी करून कोपऱ्यांवर काँक्रीटचे खांब रोवा असं मी सगळ्यांना सांगतो.

अश्विनी_एस: मला 5 गुंठे शेतजमीन घ्यायचीये, एजंट म्हणतो तुकडेबंदी उठली, घेऊ का?

गणेश पा.: ताई इथे एनए प्लॉटचं चाललंय. पण सरसकट उठलेली नाही, शेतीसाठी तर नाहीच, आणि शेतजमिनीला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. सातबारा घेऊन वकिलाकडे जा, एजंटकडे नको.

नीता, दुबई: आमच्यासारखे बाहेर असलेले विक्रेते असतील तर आणखी एक. भारतातला विक्रेता असेल तर 50 लाखांपासून 1 टक्का टीडीएस कापतात, आमच्या केसमध्ये खरेदीदाराने पूर्ण किमतीवर 12.5 टक्के अधिक सेस कापला, नफा कितीही असो. इंडेक्सेशनचा पर्यायही आम्हाला नाही. कमी टीडीएसचं सर्टिफिकेट आयकर खात्याकडून आधी काढता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि खरेदीदार थांबायला तयार नव्हता, त्यामुळे रिटर्न भरून रिफंड येईपर्यंत मोठी रक्कम अडकली.

मृणाल: कुलकर्णी सर, ती ट्रान्सफर फी डेव्हलपरला घेता येते का हो? सोसायटी रजिस्टर झालेली नाही, रस्ते अजून त्याच्याच नावावर आहेत.

कुलकर्णी_सीए: हे माझ्या क्षेत्रातलं नाही, करार वाचल्याशिवाय वकीलही सांगणार नाही. बाकीच्या प्लॉटधारकांनी किती दिली ते विचारा, सगळ्यांचा दर एकच होता का ते आधी बघा.

सुहास_हडपसर: आमच्या ले-आउटला 20 रुपये घेतात फुटाला. दोघांनी भांडून 10 वर आणले, पण पावती मिळाली नाही.