मदत हवी आहे: टर्मिनल व्हॅल्यूसाठी कोणता कॅश फ्लो धरायचा?

नातेवाइकांच्या पॅकेजिंग कारखान्याचं डीसीएफ करतोय. कर्ज नाही, डिस्काउंट रेट 12%, कायमची वाढ 5%. पाचव्या वर्षाचा फ्री कॅश फ्लो 2 कोटी, म्हणून टर्मिनल व्हॅल्यू 2 × 1.05 ÷ 0.07 = 30 कोटी. आजच्या किमतीत 17 कोटी, म्हणजे एकूण मूल्याच्या तीन चतुर्थांश!

खटकतंय ते असं: त्या वर्षी घसारा 70 लाख, पण नवीन यंत्रांवर खर्च फक्त 30 लाख. हे कायम कसं चालेल? दोन्ही समान धरले तर टर्मिनल व्हॅल्यू 24 कोटींवर येते. वाढीचा दर 4% करूनही पाहिलं, पण मूळ प्रश्न तसाच राहतो.

करोत्तर नफा 1.8 कोटी, भांडवलावरचा परतावा 15%. मग 5% वाढीसाठी नफ्याचा एक तृतीयांश पुन्हा गुंतवावा लागेल, असं धरणं बरोबर आहे का, की खर्च घसाऱ्याइतका धरला तरी पुरे?