मदत हवी आहे: सोडियम दिव्याखालच्या फोटोतून गाडीचा खरा रंग कसा ओळखायचा?

भाऊंनो, आमच्या गावच्या फाट्यावर (दारव्हा तालुका, यवतमाळ) रात्री एका कारने काकाजींच्या बैलाला उडवलं आणि ती थांबलीच नाही. एका पोराने मोबाईलवर फोटो काढला, पण नंबर वाचता येत नाही. फाट्यावर जुना सोडियमचा दिवा आहे, म्हणून गाडी सोनेरी दिसते. त्या उजेडात निळा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे पांढरी, चंदेरी, फिकट पिवळी सगळ्या सारख्याच वाटतात. नंबरप्लेट पांढरी की टॅक्सीची पिवळी, तेही कळेना.

फोटोत रस्त्याचा पांढरा पट्टा आहे. तो पांढरा धरून व्हाइट बॅलन्स केला, तर बॉनेट पट्ट्यापेक्षा बरंच गडद, राखाडी येतं. डाव्या दारावर मात्र मागच्या दुचाकीचा एलईडी उजेड पडलाय, तिथे दार निळसर दिसतं. हा निळेपणा दाराचा, की सोडियमसाठी केलेल्या दुरुस्तीमुळे पांढरा उजेडच निळा झाला? मला दुसरं जास्त पटतं. तेवढ्या तुकड्याचा व्हाइट बॅलन्स वेगळा कशावरून करू?

त्याच दिव्याखाली, त्याच मोबाईलने चंदेरी, राखाडी आणि फिकट निळी गाडी उभी करून फोटो काढले, तर तुलना पोलिसांना दाखवण्याइतकी भरवशाची होईल का? मूळ फाइल जपून ठेवली आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, काकाजींचा बैल अजून उठलेला नाही.