‘मागच्यासारखंच’ म्हणजे नेमकी कुठली यादी?

> ‘गिऱ्हाईकाचा मेसेज आला, मागच्यासारखंच पाठवा. वहीत तीन महिन्यांच्या तीन वेगळ्या याद्या. कुठली धरू?’

सगळ्यात ताजी यादी डोळे मिटून धरू नका, दिवाळीनंतर तर नकोच. समजा सप्टेंबरात तेल 5 लिटर, साखर 4 किलो, तूरडाळ 3 किलो गेली. ऑक्टोबरात त्यावर मैदा, रवा, पातळ पोहे, जास्तीचं तेल. नोव्हेंबरात तेल 2 लिटर आणि साखर नाहीच, कारण फराळातलं घरात उरलेलं होतं. आता डिसेंबरात ‘मागचं’ म्हणून नोव्हेंबरची यादी पाठवलीत, तर आठवड्यात साखरेसाठी फोन येणार.

तिन्ही याद्यांत जे आहे ते बिनधास्त बांधायला घ्या. साखरेसारखी एखाद्याच महिन्यात गळलेली वस्तू आणि वर-खाली झालेलं माप, एवढंच विचारा. तेही ‘कुठली यादी?’ असं नको. तारखा कुणाच्या लक्षात असतात! ‘काकू, तेल 5 लिटर आणि साखर 4 किलो, सप्टेंबरसारखं टाकतो. चालेल ना?’ याला उत्तर लगेच येतं. तेलाची पिशवी मात्र ‘हो’ येईपर्यंत बाजूलाच ठेवा. आणि ठरलेली यादी वहीत ‘नेहमीची’ म्हणून वेगळ्या पानावर उतरवा. सणाचं सामान त्या पानावर चढवू नका.