दुकानातली लोळण : नाटक, की आवरता न येणं?

दादरकर_आई : मुलगी पावणेतीन वर्षांची. पाळणाघरातून आणताना संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये शिरलो की बिलाच्या रांगेत चॉकलेटचं अंडं दिसतं आणि ती लोळण घेते. काल वीस मिनिटं चाललं. शेवटी अंडं हातात दिलं, तर ते फेकून दिलं आणि रडतच राहिली. सासूबाई म्हणतात सगळं नाटक आहे, तुला नाचवते. खरंच नाटक असतं का? कसं ओळखायचं?

सुधाकर_माहीम : नाटकच आहे. बापासमोर हे होतं का, ते आधी सांगा. होत नसेल तर पोरीला बरोबर माहीत आहे की कोण वाकतं. एकदाही द्यायचं नाही, आणि चारचौघांत एक धपाटा बसला की सुतासारखी सरळ येतात.

मेघना_बालमार्गदर्शन : काका, तिने अंडं फेकलं, याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. वस्तूसाठीच कांगावा असेल, तर वस्तू मिळाल्यावर तो मिटतो. डोळ्यांत पाणी असतानाच कागद सोलायला सुरुवात होते. इथे मिळूनही थांबलं नाही, कारण तोवर अंड्याचा प्रश्नच उरला नव्हता. अंड्यापायी सुरुवात झाली आणि पुढे तिचं तिलाच आवरेना. एकाच रडण्यात दोन्ही गोष्टी असू शकतात, म्हणून "नाटक की खरं" असं एका शब्दात उत्तर देता येत नाही.

वीस मिनिटं का चालतं तेही बघा. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी लहान मुलांच्या अशा थयथयाटाची बारकाईने पाहणी केली. त्यांचे लेख २००३ साली आले. त्यात दोन प्रवाह दिसतात. किंचाळणं, लाथा झाडणं, अंग ताठ करणं हा राग सुरुवातीलाच चढतो आणि लवकर ओसरतो. रडणं, कण्हणं हे दुःख मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच असतं, आणि राग ओसरत आला की मूल जवळ येऊ पाहतं. बहुतेक वेळा पाच मिनिटांच्या आत सगळं संपतं.

ते लांबतं बहुधा आपल्या बोलण्याने. राग चढलेला असताना "असं करायचं नाही, लोक बघतायत, उद्या घेऊ, बरं हे बिस्किट घे" हे ऐकून समजून घेण्याच्या स्थितीत मूल नसतं. उलट प्रत्येक वाक्याला नव्याने "नाही!" असं उत्तर येतं आणि राग पुन्हा वर जातो. त्यात मागच्या माणसाची ट्रॉली, डोक्यावरचे पांढरे दिवे, बिलाच्या मशीनची टिकटिक. म्हणून किंचाळणं चालू असताना एकच वाक्य बोला, "तुला अंडं हवंय, आज घेणार नाही", आणि मग गप्प राहा. डोकं आपटणार नाही एवढ्या अंतरावर खाली बसा. आवाज किंचाळण्यातून हुंदक्यांत उतरला, किंवा तिने हात वर केले, की तेव्हा उचला. त्याआधी उचललंत तर ती अंग झोकून देईल, आणि आपण पुन्हा पहिल्या मिनिटावर.

सुधाकर_माहीम : हे सगळं ठीक. बापासमोर का होत नाही, त्याचं उत्तर मिळालं नाही.

मेघना_बालमार्गदर्शन : मुद्दा रास्त आहे. बाबांचं "नाही" दर वेळी नाहीच राहतं आणि आईचं कधीकधी "बरं, घे" होतं, एवढं दोन वर्षांच्या मुलालाही अनुभवातून समजतं. याला शिकणं म्हणतात, डाव नाही. डाव टाकायला समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखून ते बदलायचं ठरवावं लागतं. दुसऱ्याला आपल्यापेक्षा वेगळं काही वाटत असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होते.

"एकदाही द्यायचं नाही" हे तुमचं अर्धं बरोबर आहे. नेहमी देण्यापेक्षा कधीतरी देणं जास्त महागात पडतं. पंधराव्या मिनिटाला दिलं, तर पंधरा मिनिटं रडावं लागतं हे पक्कं होतं. पण देणं बंद केल्यावर रडणं अनेकदा आधी वाढतं, मगच कमी होतं. तो वाढलेला टप्पा पाहून घरचे म्हणतात "बघ, उपाय चालत नाही", आणि नेमके तेव्हाच वाकतात. द्यायचंच असेल तर रडण्याआधी, मागितल्याबरोबर द्या. धपाट्याने आवाज बंद होतो तो भीतीने. राग आवरायला मूल त्यातून शिकत नाही.

मंदार_मुलुंड : माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. मोबाइल काढून घेतला की मोठ्याने रडतो, मी दुसऱ्या खोलीत गेलो की थांबतो, परत आलो की सुरू. म्हणजे याच्याही मेंदूला आवरत नाही असं समजायचं का?

मेघना_बालमार्गदर्शन : नाही, हे प्रकरण वेगळं. प्रेक्षक गेला की थांबणं, बोटांच्या फटीतून बघणं, पडताना गादी शोधणं, मिळताक्षणी शांत होणं, यांतून ताबा शाबूत असल्याचं दिसतं. इथे सुधाकरकाकांचा नियम बिनदिक्कत लावा. मोबाइलची वेळ आधी सांगा आणि रडण्यावर सौदा करू नका.

नीलम_बालवाडी : पावणेतीनच्या मुलीबद्दल मी आणखी आधी सुरुवात करेन. पाळणाघरात चारला खाल्लेलं, सातला दुकान, वर दुपारची झोप अर्धवट. अशा वेळी लोळण घ्यायला पहिलं "नाही" पुरतं. दुकानात शिरण्याआधी बाहेरच अर्धं केळं किंवा चपातीचा रोल द्या, आणि आत पंधरा मिनिटांची यादी ठेवा. खडखडणारी ट्रॉली नको. बास्केट घ्या आणि तिला त्यात कांदे टाकायला लावा. गोळ्या-चॉकलेटं सगळी बिलाच्या काउंटरला मांडलेली असतात, म्हणून दोघं असाल तर एकाने रांगेत उभं राहावं आणि दुसऱ्याने तिला दारापाशी न्यावं.

मेघनाताईंचं "खाली बसा" मात्र मला मुंबईत पटत नाही. दोन शेल्फांमध्ये एक ट्रॉली जेमतेम जाते, मागचे सात जण सल्ले देतात, त्याने आईचाच धीर सुटतो. सामान काउंटरवर ठेवून "पाच मिनिटांत येते" म्हणावं आणि तिला कडेवर घेऊन बाहेरच्या पायरीवर जावं.

मेघना_बालमार्गदर्शन : जागा अरुंद असेल तर बाहेर न्या, हे मान्य. पण ती दुकानालाच कंटाळली असेल, तर लोळण घेतली की घरी जायला मिळतं असं ती शिकेल. म्हणून बाहेर शांत करून पुन्हा आत या आणि बिल पूर्ण करा.

नीलम_बालवाडी : रात्री आठला, थकलेल्या मुलीला? मी नाही आणणार. त्या दिवशी सामान राहिलं तरी चालेल.

सुधाकर_माहीम : मग जिंकलं कोण, मुलगीच ना.

दादरकर_आई : बाबांसोबतही होतं, काका, फक्त कमी वेळ. कारण ते बोलतच नाहीत, नुसते उभे राहतात. मला एवढंच विचारायचंय, वीस मिनिटं म्हणजे डॉक्टरांकडे जावं का?

मेघना_बालमार्गदर्शन : एकदा झालेल्या वीस मिनिटांवरून नाही. दोन आठवडे लिहून ठेवा : किती वाजता, शेवटचं खाणं कधी, किती मिनिटं, वस्तू मिळाल्यावर काय झालं, शांत कशी झाली. नेहमीच २५ मिनिटांच्या वर जात असेल, ती स्वतःला चावत किंवा डोकं आपटत असेल, दर वेळी दुसऱ्याला मारत असेल, किंवा दुकानाबाहेर घरीही दिवसातून अनेकदा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोलणं उशिरा आलं असेल किंवा आवाजाला कान झाकत असेल, तर वाट न बघता दाखवा आणि ती वही सोबत न्या. रडता रडता श्वास अडकून ओठ निळे पडत असतील तर तेही त्यांना सांगा. तशी मुलं बहुधा पुढे बरी होतात, पण रक्ततपासणीत लोहाची कमतरता आहे का ते पाहतात.