मोरीच्या पत्राखाली ‘प्रत’ कुणाकुणाला?

मंदार (बी-२०३): रस्त्याखालच्या मोरीच्या पत्राचा मसुदा टाकलाय. वाचून घ्या, उद्या सेक्रेटरींच्या सहीने द्यायचंय. शेवट असा आहे : “सात दिवसांत कार्यवाही न झाल्यास वरिष्ठांकडे दाद मागावी लागेल, याची नोंद घ्यावी. प्रत : १) मा. मुख्यमंत्री २) मा. पालकमंत्री ३) मा. जिल्हाधिकारी ४) मा. मुख्य अभियंता ५) मा. कार्यकारी अभियंता ६) सर्व वृत्तपत्रे.”

दाजी (ए-१०१): बरा झाला. गेल्या पावसात माझ्या मीटरच्या पेटीपर्यंत पाणी इला होता. आता तरी हलतले.

अनघाताई, सेक्रेटरी: सुहासकाका, तुम्ही बांधकाम खात्यात होतात. एकदा नजर घाला ना.

सुहासकाका (बी-१०४): वाचलं. मंदार, पत्राचा मधला भाग चांगला झालाय. मोरी कुठे, पाणी कधी भरलं, सगळं नीट आलंय. शेवट मात्र बदलू या. माझी बरीच वर्षं आवक-जावकच्या टेबलावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपलं पत्र उपअभियंत्यांना आहे. ते पाकीट उघडतात आणि आधी खाली बघतात की प्रत कुणाला गेली आहे. ही सवय सगळ्यांचीच. तिथे सहा नावं आणि त्याच्या वर “नोंद घ्यावी” दिसलं की मोरी बाजूला राहते. मग पहिला विचार ‘आपल्यावर ठपका येऊ नये’ हा. फायलीत उत्तर तयार व्हायला लागतं की सदर मोरीची साफसफाई पावसाळ्यापूर्वी करण्यात आली होती. एकदा असं लेखी गेलं की त्यांना मागे फिरता येत नाही, आणि पाणी येतच राहतं.

मंदार: पण काका, प्रत दिलीच नाही तर दाब कसा राहणार? १२ मेचं पत्र दिलंय, महिना होत आला.

सुहासकाका: प्रत द्यायचीच. फक्त ज्याच्याकडे या कामातलं काही आहे, त्यालाच. नुसता गाळ काढायचा तर ते उपविभागातूनच होतं. पण वरच्या डोंगरकापणीची लाल माती दर पावसात खाली येते आणि तो जुना अरुंद पाइप तिला पुरत नाही. पाइप बदलायचा म्हणजे अंदाजपत्रक करावं लागेल, आणि ते मान्यतेसाठी विभागात कार्यकारी अभियंत्यांकडे जाईल. म्हणून प्रत त्यांना. हे कारण प्रतीच्या ओळीतच लिहायचं. कारण लिहिलेली प्रत कुणाला बोचत नाही.

दाजी: मुख्यमंत्र्यांका दिली तर लवकर नाय होवचा?

सुहासकाका: दाजी, ते पत्र मंत्रालयातून मुख्य अभियंता, अधीक्षक अभियंता, कार्यकारी अभियंता असं उतरत शेवटी त्याच उपअभियंत्यांच्या टेबलावर येतं. प्रत्येक पायरीला एक अग्रेषण पत्र लागतं. तोवर गणपती होऊन जातात.

अनघाताई: “माहितीस्तव” लिहायचं की “कार्यवाहीस्तव”? मी नेहमी दोन्ही लिहिते.

सुहासकाका: इथेच गफलत होते. वरिष्ठांना “माहितीस्तव सविनय सादर”. बरोबरीच्या किंवा खालच्या कार्यालयाला “माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी”. वरिष्ठांच्या प्रतीवर “योग्य त्या कार्यवाहीस्तव” लिहिलं की त्यांचं कार्यालय त्यावर शेरा मारून ती खाली पाठवतं : “नियमानुसार कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे व अहवाल सादर करावा.” आता उपअभियंत्यांना अहवाल द्यावा लागतो, आणि तो ते स्वतःला सांभाळूनच लिहिणार. “माहितीस्तव” आलेली प्रत बहुधा फायलीला लागते. पण अंदाजपत्रक वर गेलं की विषय साहेबांच्या ओळखीचा असतो. आपल्याला तेवढंच हवंय.

मंदार: मग महिनाभर काही झालं नाही, हे लिहायचंच नाही का?

सुहासकाका: लिहायचं, पण तारखांनी. संदर्भात १२ मेचं पत्र आणि त्याचा आवक क्रमांक येईल. त्यातूनच उशीर दिसतो, वेगळं विशेषण लागत नाही. आणि एक गोष्ट तू गाळलीस. २० मेला शाखा अभियंता येऊन मोरी बघून गेले, मीच त्यांच्यासोबत उभा होतो. हे पत्रात यायलाच हवं. कार्यकारी अभियंता प्रत वाचतील तेव्हा आपल्या माणसाने पाहणी केली हेही त्यांना कळेल. उपअभियंत्यांनाही दिसेल की या प्रतीत आपली बाजूसुद्धा वर गेली. मला तर ही एक ओळ सगळ्यात मोलाची वाटते.

अजून एक बारीक गोष्ट. खालच्या सगळ्यांना “मा.” आणि ज्यांना पत्र लिहिलं ते नुसते “उपअभियंता”. असं करू नये, त्यांनाही “मा.” हवं.

नेहा (ए-३०२): काका, मग साहेबांना प्रत गुपचूप दिली तर? पत्रावर उल्लेखच नको.

सुहासकाका: अजिबात नको. साहेबांनी शेरा मारला की ती प्रत उपअभियंत्यांकडेच येणार. आपल्या पत्रावर उल्लेख नाही आणि साहेबांकडे प्रत आहे, हे कळल्यावर ते पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत. द्यायची ती उघड द्यायची. आधी उपविभागात मूळ पत्र देऊन पोच घ्यायची, जमलं तर आत जाऊन भेटायचं आणि सांगायचं, “साहेब, पाइपच्या अंदाजपत्रकासाठी विभागालाही प्रत देतोय.” मग विभागात जायचं.

मंदार: दप्तर दिरंगाईचा कायदा टाकू का? सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त फाईल कुणाच्या टेबलावर राहू नये, असं आहे ना त्यात?

सुहासकाका: आहे, २००५ चा अधिनियम आहे आणि तो बरोबरच आहे. पण या पत्रात नको. या स्मरणपत्रालाही उत्तर आलं नाही तर नवं पत्र थेट कार्यकारी अभियंत्यांच्या नावे लिहायचं, विषयात “तक्रार” लिहायचं, तिथे हा कायदा घालायचा आणि प्रत उपअभियंत्यांना द्यायची. ती तक्रार उघड असेल. विनंतीच्या पत्रात तक्रार लपवली की दोन्ही वाया जातात.

मंदार: पटलं. नवीन शेवट टाकतो :

“संदर्भ : आमचे दि. १२ मे चे पत्र (आवक क्रमांक पोचप्रतीवर).
महोदय, संदर्भीय पत्रानंतर दि. २० मे रोजी शाखा अभियंता यांनी जागेची पाहणी केली, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. मोरीतील गाळ काढणे पावसाचा जोर वाढण्यापूर्वी व्हावे, तसेच पाइप बदलण्याचे अंदाजपत्रक सादर व्हावे, ही विनंती. पाहणीच्या वेळी सोसायटीचे प्रतिनिधी उपस्थित राहतील.
प्रत : मा. कार्यकारी अभियंता यांना, पाइप बदलण्याच्या अंदाजपत्रकाच्या अनुषंगाने, माहितीस्तव सविनय सादर.”

सुहासकाका: छान. “पावसाचा जोर वाढण्यापूर्वी” ऐवजी तारीख घाल, १५ जून. नाहीतर जोर कधी वाढला यावरच वाद होईल.

नेहा: वृत्तपत्रं काढली ना?

मंदार: काढली. मुख्यमंत्री, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, मुख्य अभियंता, सगळी नावं काढली.

दाजी: माझ्या मीटरचो फोटो जोडा. पाण्याची रेघ अजून भिंतीर आसा.

सुहासकाका: जरूर जोडा. “सोबत : छायाचित्र १” असं लिहा, आणि विभागाच्या प्रतीलाही तोच फोटो लावा. दोन्हीकडे एकच कागद जायला हवा.

अनघाताई: लेटरहेडवर तीन प्रती काढते, तिसरी पोचेसाठी. सकाळी साडेदहाला मी आणि सुहासकाका उपविभागात जातो. मंदार, तू विभागातली प्रत दुपारी दे, आमची पोच झाल्याचा फोन आल्यावरच.